गुडघा आतून दुखतोय? बुटाची टाच आधी तपासा

«मी ५४ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. वजन ७० किलो. वर्षभरापासून डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. उभी राहिले की दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मूठ जाईल एवढी फट दिसते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज दुसऱ्या टप्प्यातली आहे, ऑपरेशनचा विचारही नको, व्यायाम करा, चालत राहा आणि बूट चांगले घ्या. चांगले म्हणजे कोणते, ते कोणी सांगत नाही. रोज सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर पाऊण तास चालते. जुन्या बुटांपैकी डाव्याची टाच बाहेरच्या कडेने पार घासली होती, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून एकदम मऊ, जाड गादीचे बूट घेतले. पहिले काही दिवस छान वाटलं, आता दुखणं उलट वाढलंय. ट्रॅकवरची मैत्रीण म्हणते रॉकर सोलचे घे. मुलगा म्हणतो पातळ तळाचे घे, अनवाणी चालणंच नैसर्गिक. शाळेत साडीवर दोन इंची रुंद टाचेच्या सँडल घालते. कोणाचं ऐकू?»
— एक वाचक, नाशिक

ताई,

डाव्या बुटाच्या झिजेबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त माहिती त्याच ओळीतून मिळाली. म्हणून सुरुवात तिथून करते.

चालताना एका पायावर भार येतो तेव्हा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दाब पडतो. तुमच्या बाबतीत तो साधारण १४० ते २१० किलोंच्या घरात जातो. हा दाब गुडघ्यात सारखा वाटला जात नाही. पाय सरळ असलेल्या माणसातही आतल्या कप्प्यावर निम्म्याहून जास्त भार असतो. गुडघे बाहेर झुकलेले असतील, तुमच्यासारखी मूठभर फट असेल, तर आतला वाटा आणखी वाढतो. म्हणूनच झीज आतल्या बाजूला आहे आणि दुखतंही तिथेच. अशी माणसं पाऊल टेकवतात तेव्हा टाचेची बाहेरची मागची कड आधी जमिनीला लागते. तुमचा जुना बूट नेमका तिथे घासलाय. ती कड झिजली की टाच बाहेर कलते, टाचेबरोबर नडगी कलते आणि गुडघा आणखी बाहेर ढकलला जातो. जुना बूट टाकून दिलात ते योग्यच केलंत. त्याच्या जागी जो आणलात, त्यात मात्र तोच दोष वेगळ्या वाटेने परत आला.

मऊ फोम वाईट नसतो. अडचण अशी की पायाखाली खूप जाड आणि खूप मऊ थर असला तर तो सगळीकडे सारखा दबत नाही. जिथे भार जास्त, तिथे जास्त दबतो. मऊ गादीच्या अगदी कडेवर बसलं की आपण कलतो ना, तसंच टाचेचं होतं. तुमचा भार बाहेरच्या कडेवर पडतो, म्हणजे तीच कड रोज थोडी जास्त चेपते. पहिले काही दिवस फोम ताजा असतो, चेपला तरी पूर्ववत होतो, म्हणून बरं वाटतं. मग बाहेरची बाजू बसते आणि तळाचं रबर न झिजताही बूट आतून झिजल्यासारखा वागायला लागतो. वरवर बघणाऱ्याला बूट नवा कोरा दिसतो.

हे खरंच झालंय का, ते घरीच बघा. दोन्ही बूट टेबलावर ठेवा, डोळे टाचेच्या उंचीला आणा आणि मागून बघा. टाचेच्या मागची उभी शिवण सरळ आहे की बाहेर झुकलेली? डाव्याची आणि उजव्याची तुलना करा. मग फोमची बाजूची भिंत बघा. बाहेरच्या बाजूला आडव्या सुरकुत्या जास्त दाट आहेत का? शेवटी बाहेरची कड आणि आतली कड अंगठ्याने आळीपाळीने दाबा. बाहेरची कड जास्त सहज आत जात असेल, तर त्या बुटांनी तुमच्या गुडघ्याचं काम वाढवलंय, हे नक्की समजा. ते बूट भाजी आणायलासुद्धा वापरू नका.

आता तुमच्या मुलाच्या म्हणण्याकडे येते, कारण तो पूर्ण चुकीचं बोलत नाहीये. शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी २००६ साली गुडघ्याची झीज असलेल्या लोकांना आधी त्यांच्या नेहमीच्या बुटात आणि मग अनवाणी चालवलं आणि गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर भार टाकणारा जोर मोजला. अनवाणी चालताना तो सुमारे दहा-बारा टक्के कमी भरला. त्याच गटाला पुढच्या मोजणीत सपाट, लवचीक चपलांतही भार कमी आढळला, आणि आधार देणाऱ्या बुटांत जास्त. ही मोजणी चोख आहे. गुडघ्यासाठी पातळ तळाचे बूट सुचवणारे याच आकड्यांवर बोट ठेवतात आणि मीही काही काळ लोकांना सपाट, लवचीक बुटांकडे वळवत असे.

पण प्रयोगशाळेतला भार आणि सहा महिन्यांनंतरचं दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मेलबर्न विद्यापीठातल्या गटाने हे थेट तपासलं आणि २०२१ साली ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात निष्कर्ष छापले. पन्नाशी ओलांडलेली १६४ माणसं, सगळ्यांची आतल्या कप्प्याची झीज, तीही तुमच्यापेक्षा पुढच्या टप्प्यातली. निम्म्यांना सपाट, लवचीक बूट दिले, निम्म्यांना टाचेला भक्कम, आधार देणारे. दोन्ही गटांनी ते सहा महिने, रोज किमान सहा तास घालायचे होते. चालतानाचं दुखणं जाणवण्याइतकं कमी झालं ते भक्कम बुटांच्या गटात ५८ टक्के लोकांचं आणि सपाट बुटांच्या गटात ४० टक्के लोकांचं. पाऊल, घोटा, दुसरा गुडघा दुखायला लागणं अशा तक्रारी सपाट बुटांच्या गटात ३२ टक्के आणि भक्कम बुटांच्या गटात १५ टक्के. म्हणजे कागदावर ज्या बुटांनी भार कमी व्हायचा, त्यांनीच प्रत्यक्षात कमी आराम दिला.

याचा अर्थ मी असा लावते: गुडघ्याच्या दुखण्यात आतल्या भाराबरोबरच इतरही बऱ्याच गोष्टी असतात. टाच टेकताना बसणारा धक्का, पाऊल डगमगणं, त्या डगमगण्याला सावरायला मांडीच्या स्नायूंनी घट्ट आवळून राहणं, हे सगळं त्यात येतं. मुलाला हे सांगा, आणि त्याच्यासाठी एवढीही सवलत द्या की लॉनवर पाच मिनिटं अनवाणी चाललात तर काही बिघडणार नाही. पाऊण तासाच्या फेऱ्या आणि शाळेचे तास मात्र पातळ तळावर नकोत.

तर तुम्हाला हवाय टाचेला रुंद आणि घट्ट, मध्यम गादीचा बूट. या वर्णनाने दुकानदार तुम्हाला काहीही दाखवेल, म्हणून तो ओळखायचा कसा ते सविस्तर सांगते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचे दोन बूट या कसोट्यांत पार वेगळे निघतात.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी जा, मेन रोडला किंवा कॉलेज रोडला, जिथे भरपूर जोड काढून दाखवतात तिथे. दिवसभर उभं राहून पाऊल किंचित सुजतं आणि तुम्हाला बूट त्या पावलाला बसायला हवा. जे मोजे घालून चालणार तेच नेऊन घाला. बूट हातात घेतल्यावर दुकानदार पहिलं वाक्य म्हणेल, "बघा मॅडम, किती हलका!" हलकेपणा तुमच्यासाठी गुण नाही. मेलबर्नच्या अभ्यासातले भक्कम बूट वजनदारच होते. उगाच जड घ्या असं मी म्हणत नाही, पण वजनावरून निवड करू नका.

पहिल्यांदा टाचेचा मागचा कप, ज्याला बूटवाले काउंटर म्हणतात, तो अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. आत कडक कवच असल्यासारखा तो प्रतिकार करायला हवा. कापडासारखा चिमटीत चेपला तर तो बूट परत द्या, पुढचं काही बघायची गरज नाही. हल्ली मोज्यासारखे विणलेले बूट सर्रास मिळतात, त्यातले बरेचसे इथेच बाद होतात. मग बूट उलटा करून तळ बघा. टाचेखालचा भाग तुमच्या टाचेपेक्षा रुंद असावा आणि जमिनीकडे जाताना किंचित पसरलेला असावा. मधल्या भागात तळ फार चिंचोळा झाला असेल तर बूट तिथे पिळतो. पिळून बघायचंच तर एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून फडकं पिळतो तसं करा. थोडा पीळ चालतो, दोरी वळली तर नको. शेवटी टाच आणि टोक एकमेकांकडे दाबा. बूट जिथे बोटं वाकतात तिथेच वाकायला हवा. मधोमध घडी पडली तर तो चालायच्या कामाचा नाही.

गादी तपासायची जागा बुटाच्या आत नाही. आत बोट घालून सगळे दाबून बघतात, पण तिथे वरचा मऊ इनसोल हाताला लागतो आणि त्याच्याकडून काहीच कळत नाही. वरचा इनसोल लोण्यासारखा आणि खालचा फोम दगडासारखा, किंवा नेमकं उलट, असे बूट बक्कळ मिळतात. टाचेच्या बाहेरच्या भिंतीवर, फोमच्या जाडीत अंगठा रोवा. जोर लावल्यावर थोडासा आत जावा आणि सोडल्याबरोबर परत यावा. सहज खोल गेला तर तुमच्या ७० किलोंपुढे ती कड टिकणार नाही. अजिबात आत गेला नाही तर फरशीवर टाच आपटल्यासारखं होईल, तेही नको.

हे सगळं पार झालं की बूट घाला, नाड्या नीट बांधा आणि दुकानाच्या काउंटरला हलका हात लावून डाव्या पायावर एकटं उभं राहा. बरोबर आलेल्या कोणाला मोबाइल जमिनीजवळ धरून मागून व्हिडिओ काढायला सांगा. बुटाची मागची शिवण सरळ राहते की बाहेर कलते, ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं. तुमच्या मऊ बुटांचा असाच एक व्हिडिओ आधी घरून काढून न्या, म्हणजे फरक कळायला सोपं जाईल. त्यानंतर दुकानाच्या कार्पेटवर नको, बाहेरच्या फरशीवर थोड्या फेऱ्या मारा. टाच बुटात वरखाली सरकत असेल तर नाडी सगळ्यात वरच्या भोकातून आतल्या बाजूने परत ओवून छोटा फास करा आणि दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून काढून ओढा. यानेही टाच बसली नाही तर बुटाचा साचाच तुमचा नाही. पुढे सगळ्यात लांब बोटापलीकडे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

आणखी एक शब्द तुम्हाला ऐकू येईल, 'आतून आधार'. काही बुटांत तळाच्या आतल्या बाजूला कडक फोमची पट्टी बसवलेली असते, बहुतेकदा वेगळ्या रंगाची. पाऊल आत कोसळणाऱ्या, सपाट तळव्याच्या माणसांसाठी ती असते. तुमचं पाऊल बाहेर जातंय. आतली बाजू कडक आणि बाहेरची मऊ असली तर टाच कुठे कलेल ते आता तुम्हीच सांगाल. तेव्हा दोन्ही बाजूंना सारखा फोम असलेला बूट घ्या.

आता रॉकर. तुमच्या मैत्रिणीला त्याचा फायदा झाला असेल तर तो कशासाठी झाला, ते तिला विचारून बघा. रॉकर म्हणजे खालून बाकदार तळ. चालताना टाच उचलण्याच्या वेळी पायाचं बोट वाकावं लागतं. तळच पुढे गोल असला तर पाऊल बोट न वाकवता पुढे लोळतं. म्हणून अंगठ्याचा सांधा आखडलेल्या, तिथे दुखणाऱ्या माणसाला किंवा चवड्याखाली दुखणाऱ्याला रॉकरने लगेच आराम पडतो. त्याचं खरं काम पावलात आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी त्याने साध्या चालण्याच्या बुटांपेक्षा जास्त दुखणं कमी होतं, हे पुढे आलेलं नाही. पुढेमागे दोन्हीकडे गोल आणि टाच मऊ असलेल्या, मुद्दाम डगमगणाऱ्या बुटांची गुडघेदुखीच्या लोकांवर कॅनडात चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. त्या बुटांत दुखणं कमी झालं, पण तुलनेसाठी दिलेल्या साध्या चालण्याच्या बुटांतही तितकंच कमी झालं.

तुम्हाला रॉकरची गरज आहे का, हे मिनिटभरात कळतं. अनवाणी उभ्या राहा, टाच आणि चवडा जमिनीला टेकलेला ठेवा आणि हाताने फक्त पायाचा अंगठा वर उचला. न दुखता बऱ्यापैकी वर येत असेल तर रॉकरने तुमचं काही अडलेलं नाही. अंगठा जेमतेम हलत असेल किंवा सांध्यात कळ येत असेल तर सौम्य रॉकर घ्यायला हरकत नाही, पण कोणता ते नीट बघून. टेबलावर ठेवल्यावर बुटाची टाच सपाट आणि रुंद टेकलेली असावी आणि बाक फक्त पुढे, बोटांच्या मुळांच्या किंचित मागून सुरू व्हावा. टाचेवर बोट ठेवून दाबल्यावर अख्खा बूट डोलायला लागला, तर तो तुमच्यासाठी नाही. फळ्यासमोर ३५ मिनिटं उभं राहताना डोलणारा तळ पोटऱ्यांना एक क्षण सैल होऊ देत नाही. जिना आणि उतार उतरताना तर तो पाऊल पुढे ढकलतो आणि तुमचा गुडघा नेमका उतरतानाच कमजोर पडतो. पांडवलेणीच्या पायऱ्या किंवा गोदाघाटाचे ओले दगड अशा तळाने उतरणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला मी तरी हात धरून थांबवेन.

तुमच्या पत्रात सगळ्यात कमी जागा सँडलला मिळालीय. मला मात्र त्याच सगळ्यात आधी बदलायच्या आहेत. सकाळचे बूट पाऊण तास पायात असतात, सँडल सहा-सात तास. मेलबर्नच्या लोकांनी रोज सहा तासांची अट घातली होती ती उगाच नव्हे. टाच रुंद आहे म्हणून उंचीचं काही नाही, हा समज फार पसरलेला आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९८ साली उंच टाचांच्या बुटांत गुडघ्यावरचा जोर मोजला, तो अनवाणी चालण्यापेक्षा बराच जास्त भरला. मग २००१ साली त्यांनी रुंद टाचेच्या उंच बुटांची मोजणी केली, तरीही जोर तसाच वाढलेला. पुढे २००५ मध्ये जेमतेम दीड इंची टाचेतही वाढ दिसली. रुंद टाच मुरगळण्यापासून वाचवते, गुडघ्याला मात्र उंचीचाच त्रास होतो. चालण्याच्या बुटाचा तळ टाचेखाली जाड दिसतो, पण तो चवड्याखालीही बराच जाड असतो, त्यामुळे टाच आणि चवडा यांतला फरक सँडलपेक्षा खूप कमी राहतो. बघायचा तो हा फरक.

शाळेसाठी काळे, साधे, चालण्याचेच बूट घेतलेत तर सर्वांत उत्तम. साडीवर बूट म्हणजे पहिला आठवडा स्टाफरूममध्ये बोलणी बसतील, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी हळूच विचारेल, कुठून घेतले. ते नकोच असेल तर मागे बंद टाच किंवा निदान घट्ट पट्टा असलेली, वेल्क्रोने आवळता येणारी, जवळजवळ सपाट सँडल घ्या आणि वरच्या सगळ्या कसोट्या तिलाही लावा. मागे मोकळ्या चपला पायात राहाव्यात म्हणून बोटं सतत आवळावी लागतात, दिवसभर त्या नकोत.

दोन्ही जोड एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आधी शाळेचा जोड. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात पूर्ण वेळ. तो रुळेपर्यंत मऊ बुटातलं चालणं थांबवा, जुन्या एखाद्या घट्ट टाचेच्या जोडात वीसेक मिनिटंच चाला. पहिल्या आठवड्यात तळवा किंवा पोटरी थोडी भरून येईल, ते चालतं. घोटा किंवा कंबर नव्याने दुखायला लागली आणि चार दिवसांत गेली नाही, तर जोड तुम्हाला मानवलेला नाही. मग दोनेक आठवड्यांनी चालण्याचा जोड आणा.

सुरुवातीपासून एक छोटी नोंद ठेवा. रोज रात्री झोपताना, त्या दिवशी चालताना गुडघा किती दुखला, याला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही. एकेका दिवसाचा आकडा वरखाली होतो, म्हणून आठवड्याची सरासरी बघा. चार ते सहा आठवड्यांत सरासरी दोन गुणांनी उतरली तर बूट आपलं काम करतायत. अजिबात हलली नाही तर आणखी महाग जोड शोधत बसू नका, बुटांकडून जे मिळायचं ते एवढंच होतं. अभ्यासातही चांगल्या बुटांच्या गटात शंभरातल्या चाळीसहून जास्त लोकांना फरक पडला नव्हता. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी खास बनवलेल्या बुटांची शिफारस करायचं टाळलं होतं. झिजलेली कूर्चा बूट भरून आणत नाही. मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला असेल, तर त्याची जागा कुठलाच जोड घेणार नाही.

दुकानात दोन गोष्टी गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. पहिली, बाहेरून जाड असलेला उताराचा इनसोल. वर सांगितलेल्या टाच कलण्याच्या हिशेबाने तो तुम्हाला अगदी बरोबर वाटेल आणि भार थोडा कमी करतोही. पण साध्या सपाट इनसोलशी तुलना केली तेव्हा दुखण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. स्वतःहून घालू नका. दुसरी, टाचेखालची जेलची गादी. ती टाच वर उचलते, टाच त्या कडक काउंटरच्या बाहेर येते आणि ज्या घट्टपणासाठी एवढी शोधाशोध केली तोच जातो. सेलमधल्या फार जुन्या मालाचंही भान ठेवा. काही तळ न वापरताही वर्षानुवर्षं पडून राहिले की आतून भुसभुशीत होतात आणि चार दिवसांत तुकडे पडतात.

पावसाळ्यात भिजलेला बूट उन्हात किंवा गिझरजवळ वाळवू नका, फोम आणि डिंक दोन्ही खराब होतात. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. महिन्यातून एकदा दोन्ही जोड टेबलावर ठेवून मागून बघायची सवय लावा. ज्या दिवशी डाव्याची शिवण बाहेर झुकलेली दिसेल, त्या दिवशी तो जोड संपला, भले तळाचं रबर अजून चकचकीत असो. तुमच्या चालीने डावा आधी जाईल आणि उजवा चांगला दिसेल. तरी दोन्ही एकदम बदला, नाहीतर दोन पायांखाली दोन उंच्या येतील.

आणि गुडघा अचानक सुजला, अडकून सरळ होईनासा झाला, चालता चालता निसटल्यासारखा वाटला किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला, तर बूट बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना वापरातले दोन्ही जोड पिशवीत घालून न्या.